पदर आणि ग्रेम्ब्यूले

काकूंनी भाषण वहीच्या तीन पानांवर लिहिलं होतं. तिन्ही पानांचे फोटो त्यांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिलं, "हे इटालियनमध्ये कर. चार मिनिटांच्या वर जायला नको, लोकांना जेवायचं असतं." काकू म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या आई. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. अक्षर अजून फळ्यावरचं, मोठं आणि गोल. मैत्रीण शिकायला तोरीनोला गेली आणि तिथेच तिचं लग्न ठरलं. नवरा मुलगा मूळचा पार दक्षिणेचा, लेचेजवळच्या एका गावातला. लग्न कोल्हापुरात. इटलीहून २३ माणसं येणार होती आणि त्यातल्या चौघांनाच जेमतेम इंग्रजी येत होतं. मी पुण्यात इटालियन शिकले, नंतर दीड वर्ष पेरूजात राहिले. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

आपल्याकडे लग्नात भाषण हा प्रकार मुळात नाही. मंगलाष्टकं, पंगत, स्टेजवर रांग, पाकीट, फोटो, संपलं. इटलीतही लग्नात लांबलचक भाषण करायची जुनी पद्धत नाही. ग्लास उंचावून दोन वाक्यं बोलतात, मग सगळे ओरडून नवरानवरीला मुका घ्यायला लावतात. म्हणजे दोन्हीकडच्यांनी हा प्रकार परक्या सिनेमांतून उचललेला. पण काकूंनी लिहिलेलं सिनेमातलं नव्हतं. मुलीची आई पूर्वी पाठवणीच्या वेळी विहिणीच्या कानात जे बोलायची, तेच त्यांनी माइकवर बोलायचं ठरवलं होतं. त्या भाषांतरात मी काय केलं आणि कुठे चुकले, ते इथे लिहिते आहे. दुसऱ्याच्या भाषांतराची समीक्षा करणं सोपं असतं. ही माझीच आहे.

मला भीती होती त्या जागा सगळ्यांत सोप्या निघाल्या. पहिलाच शब्द 'विहीणबाई'. इंग्रजीत या नात्याला नावच नाही, मुलीच्या सासूला आई काय म्हणणार ते सांगायला अख्खं वाक्य खर्ची पडतं. इटालियनमध्ये मात्र शब्द तयार आहे: कोन्स्वोचेरा. स्वोचेरा म्हणजे सासू, तिच्यामागे 'सह' लावायचं. व्याह्यांना कोन्स्वोचेरो. दोघांना मिळून कोन्स्वोचेरी. मी तो शब्द लिहिला आणि कसलंही स्पष्टीकरण न देता पुढे गेले. भाषांतर करणाऱ्याला असा आनंद क्वचित मिळतो.

मग 'दृष्ट'. काकूंनी लिहिलं होतं, "दोघांना कुणाची दृष्ट न लागो." याला इटालियनमध्ये मालोक्क्यो म्हणतात, वाईट डोळा. आपण मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून टाकतो. तिकडे, विशेषतः दक्षिणेत, ताटलीत पाणी घेऊन त्यात ऑलिव्ह तेलाचे थेंब टाकतात आणि थेंब कसे पसरतात यावरून दृष्ट लागली की नाही ते बघतात. भाषणात हा शब्द मी उच्चारला तेव्हा मुलाच्या ८४ वर्षांच्या आजीने टेबलाखाली तर्जनी आणि करंगळी जमिनीकडे रोखली. दृष्ट परतवायची ती त्यांची खूण. तिथे काही समजावून सांगावं लागलं नाही.

अक्षतांनी मात्र मला हसं करून घ्यायला लावलं असतं. इटलीतही नवरानवरीवर तांदूळ टाकतात. आपण प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी टाकतो, ते सगळं उरकून दोघं चर्चच्या किंवा नगरपालिकेच्या दारातून बाहेर पडताना टाकतात. तेव्हा 'रीझो', म्हणजे तांदूळ, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण काकू शिक्षिका. त्यांनी लिहिलं होतं, "अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ; तसा यांचा संसार अखंड राहो." मग मी 'अखंड तांदूळ' शोधायला लागले आणि पहिल्या खर्ड्यात लिहिलं, रीझो इन्तेग्राले. मुलाच्या बहिणीला खर्डा वाचायला दिला. ती फोनवर इतकी हसली की मला वाटलं रेंज गेली. इटलीतल्या दुकानात रीझो इन्तेग्राले म्हणजे बिनसडीचा तांदूळ, डाएटवाल्यांचा. काकू लेकीला आणि जावयाला भरपूर फायबर मिळो असा आशीर्वाद देत होत्या. त्या जागी 'अख्खे दाणे' असं साधं लिहिलं आणि प्रश्न मिटला. रीझो या शब्दाचा दुसरा अर्थ हसू. ते कुणाला सांगावं लागलं नाही, इटालियन माणसाच्या कानात तो असतोच.

म्हणजे विहीण, दृष्ट, अक्षता हे जुने, आजीच्या तोंडचे शब्द सहज पार गेले. अडलं ते सर्वनामांपाशी.

काकूंनी जावयाला अर्थातच 'तुम्ही' म्हटलं होतं. "जावईबापू, तुम्ही आमच्या घरी पाहुणे म्हणून आलात आणि आमच्या घरचेच झालात." मराठीत 'तुम्ही' आदराने एकालाही म्हणता येतं आणि अनेकांनाही. इटालियनमध्ये हुबेहूब असाच शब्द आहे, वोइ. तोही अनेकवचनी आणि तोही आदराने एकाला वापरला जायचा. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने तर आदरार्थी दुसरा शब्द, लेइ, बंद करून सगळ्यांनी वोइच म्हणावं अशी मोहीम काढली होती. दक्षिणेकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसांना आजही कुणी कुणी वोइ म्हणतात. मला वाटलं, जमलं! पण जमलं नव्हतं, कारण तिकडे आदर वयाच्या दिशेने वर चढतो. तरुण माणूस म्हातारीला वोइ म्हणेल. म्हातारीने एकतीस वर्षांच्या पोराला वोइ म्हणणं म्हणजे जुन्या सिनेमातला विनोदी प्रसंग. आपल्याकडे जावयाला मिळणारा मान वयाला मिळत नाही, तो बाजूला मिळतो, वरपक्षाला. साठीची बाई तिशीच्या मुलाला अहो-जाहो करते आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. ही दिशाच इटालियनमध्ये नाही. लेइ वापरलं असतं तर काकू जावयाशी बँकेच्या काउंटरवरून बोलताहेत असं वाटलं असतं. घरच्या माणसाला इटालियन माणूस एकच सर्वनाम वापरतो, आणि ते आहे 'तू'.

हो, तेच. उच्चारही अगदी तोच. मी खर्ड्यात लिहिलं, "तू सेइ वेनूतो..." म्हणजे 'तुम्ही आलात'. एकदा काकूंच्या स्वयंपाकघरात तालीम म्हणून मोठ्याने वाचलं. काकू भाकरी थापत होत्या. हात थांबला. "जावयाला तू?" मी म्हटलं, काकू, हे इटालियन आहे. त्या म्हणाल्या, "ते मला कळतंय. हॉलमधल्या चारशे माणसांना कळणार आहे का?" त्यांचं बरोबर होतं. माझे श्रोते फक्त इटालियन नव्हते. काकूंच्या मराठी वाक्यामागून माझं वाक्य माइकवर येणार होतं आणि कोल्हापूरच्या त्या हॉलमध्ये त्यातला एकच शब्द सगळ्यांना ओळखू येणार होता. 'तुम्ही'च्या पाठोपाठ 'तू'!

इथे व्याकरणाने वाचवलं. इटालियन क्रियापद स्वतःच सांगतं कोण बोलतंय आणि कोणाशी, त्यामुळे कर्ता गाळता येतो. खरं तर बहुतेक वेळा गाळतातच, ठेवला तर तो ठासून म्हटल्यासारखा वाटतो. 'सेइ वेनूतो' एवढंच म्हटलं तरी 'तू आलास' पूर्ण होतं. मी पूर्ण भाषणातले सगळे तू खोडून काढले, नऊ होते. अर्थ तसूभर हलला नाही, उलट इटालियन जास्त नैसर्गिक झालं. नवशिक्यांची ती खूणच आहे, सगळीकडे सर्वनामं पेरत जायची. काकूंच्या भाकरीपायी माझी ती सवय पुन्हा एकदा पकडली गेली.

आता तिसरं पान.

तिथे लिहिलं होतं: "विहीणबाई, आमच्याकडून काही उणं-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. लेक लाडात वाढली आहे. तिच्या चुका पदरात घ्या. तुमच्या लेकाच्या आम्ही घेऊ."

लग्नाच्या मांडवात वाढलेल्या कुणालाही यातली पहिली तीन वाक्यं पाठ असतात. मीही ती पाठ असल्यासारखीच वाचली. चौथ्यापाशी थांबले नाही, कारण तिसऱ्यापर्यंत येतानाच माझे भाषांतराचे हाल सुरू झाले होते.

'सांभाळून घ्या'चं इटालियन केलं तर ते होतं 'काही कमी पडलं असेल तर माफ करा'. ते ऐकून इटालियन माणूस विचारतो, काय कमी पडलं? त्याला वाटतं खरोखर काहीतरी बिघडलं आहे, जेवण उशिरा येणार आहे की काय. आपल्याकडे हे वाक्य काही बिघडलेलं नसताना म्हणायचं असतं. बिघडलं असेल तर कुणी म्हणत नाही, तेव्हा सगळे कामाला लागलेले असतात. 'लाडात वाढली आहे' यासाठी मी शब्दकोशातला पहिला शब्द लिहिला होता, विझ्झ्याता. हा शब्द विझ्झ्यो या नामावरून आलेला, आणि विझ्झ्यो म्हणजे दुर्गुण, वाईट खोड. मराठी 'लाडात' गोड आहे, त्यात आईबापांचं कौतुक आहे आणि थोडी प्रौढीही. विझ्झ्याता म्हणजे बिघडवलेली. मुलाच्या बहिणीने काळजीने विचारलं, "तुमच्याकडे आई लग्नात मुलीची तक्रार करते?" आणि 'पदरात घ्या' याला तर शब्दच नव्हता. मी 'त्यांना क्षमा करा' असं लिहिलं होतं. क्षमा मागायला काकूंच्या मुलीने अजून केलं काय होतं?

मग मी ते तीन वाक्यांचं इटालियन नवरीला फोनवर वाचून दाखवलं. ती गप्प राहिली आणि म्हणाली, "हे काढ. मी काही सदोष माल नाही की आई आधीच माफी मागतेय. तिकडे कुणाला कळणार नाही आणि इकडे मला ऐकवणार नाही. मराठीत तिला काय म्हणायचं ते म्हणू दे, इटालियनमध्ये काढ." तिचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. मुलीच्या बाजूने आधीच वाकून घेण्याची ही रीत काय आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या वाक्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं भय आहे.

मी काढली. पहिलं, दुसरं, तिसरं. आणि तिसरं काढल्यावर चौथं लोंबकळत राहिलं. 'तुमच्या लेकाच्या आम्ही घेऊ.' काय घेऊ? ज्याच्याशी ते जोडलेलं होतं तेच गेलं होतं. म्हणून तेही काढलं. चारही वाक्यांच्या जागी मी लिहिलं, "आजपासून आमचं कुटुंब मोठं झालं आहे." इटालियनमध्ये हे फार छान वाटतं. शुभेच्छापत्रावर छापलेलं असतं म्हणूनच छान वाटतं.

लग्नाच्या दिवशी काकू दोन-दोन वाक्यं बोलायच्या आणि मग मी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे काकू मध्येच श्वास घ्यायला थांबल्या की मला काहीच सुरू करता येत नसे. म्हणून आदल्या रात्री त्यांच्या वहीत पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून थांबायच्या जागा ठरवल्या होत्या. ते छान झालं. मराठी पाहुणे आधी हसायचे, इटालियन वीस सेकंदांनी, आणि ते हसले की मराठी पाहुणे पुन्हा हसायचे. मग तिसरं पान आलं. काकूंनी वही मिटली, हे त्यांना पाठ होतं. विहिणीकडे वळून, हात जोडून त्या बोलल्या. मी माझं एक वाक्य वाचलं. इटालियन टेबलांवरून टाळ्या झाल्या, कुणीतरी "वीवा ल्यी स्पोझी!" ओरडलं, ग्लास वाजले. मुलाची आई हसून टाळ्या वाजवत होती. काकूंचे हात अजून जोडलेलेच होते.

रात्री मांडव आवरताना त्यांनी विचारलं, "तू ते घेतलं नाहीस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी चार वाक्यं बोलले, तू एक. आणि हात जोडून बोललं की माणूस टाळ्या वाजवत नाही गं." मी नवरीचं नाव सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पहिलं सगळेच म्हणतात. शेवटचं मी म्हटलं होतं."

मी घरी येऊन फोटो पुन्हा उघडला. तिसऱ्या पानावर चौथ्या वाक्याच्या जागी आधी दुसरं काहीतरी लिहून खोडलेलं दिसत होतं. खोडाखोड पूर्ण भाषणात तेवढ्या एकाच ठिकाणी होती. माझ्या आईच्या तोंडून, मावश्यांच्या तोंडून मी 'चुका पदरात घ्या' किती वेळा ऐकलंय, पण त्याला लागून 'तुमच्या लेकाच्या आम्ही घेऊ' कधी ऐकलं नव्हतं. वाकणं त्या रीतीतलंच होतं. त्या वाकून परत सरळ उभ्या राहिल्या होत्या, हातात दुसऱ्याच्या मुलाच्या चुका घेऊन. वरपक्षाची पायरी त्या एका वाक्यात सपाट झाली होती. नवरीला जी समानता हवी होती ती तिच्या आईने लिहून ठेवली होती, आणि असमानता काढायच्या नादात मी समानताच कापली. नवरीने चौथं वाक्य ऐकलंच नव्हतं. मी तिला तीनच वाचून दाखवली होती.

एखादं वाक्य ठराविक साच्यातलं आहे असं वाटलं की भाषांतर करणारा वेग वाढवतो. माझं तेच झालं. साचा ओळखीचा वाटतो, म्हणून तो जिथे वाकवला आहे तिकडे लक्ष जात नाही.

चार महिन्यांनी लेचेहून मुलाच्या आईचा निरोप आला. अल्बम करताहेत, त्यात भाषण दोन्ही भाषांत छापायचं आहे, पूर्ण मजकूर पाठवशील का. मी नवरीला चौथं वाक्य पाठवलं. तिने उत्तरात फक्त लिहिलं, "आईने हे लिहिलं होतं?" आणि मग, "घे सगळं."

या वेळी घाई नव्हती. 'विझ्झ्याता' गेलं, त्या जागी 'कोक्कोलाता' आलं, म्हणजे कुशीत घेऊन वाढवलेली. 'सांभाळून घ्या'ची माफी काढून मी लिहिलं, "जे राहून गेलं असेल ते तुम्ही पुरं करा." यात बिघाड नाही, पण मोकळी जागा आहे. 'चुका' यासाठी आधी एर्रोरी होतं. तो शब्द परीक्षेच्या पेपरवरचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. घरात, आई मुलाशी बोलताना, ज़्बाल्यी म्हणते.

राहिला पदर. इटालियनमध्ये पंखाखाली घेतात, मिठीत घेतात, पण पदर नाही. साडीच नाही तर पदर कुठला. आठवडाभर हे डोक्यात घोळत होतं. मग लग्नातला दुसराच एक प्रसंग आठवला. काकूंनी विहिणीची ओटी भरली होती. मुलाच्या आईने अंगात निळा ड्रेस घातलेला, ओटी घ्यायची कशात? काकूंच्या जावेने स्वतःच्या खांद्यावरची ओढणी काढून त्यांच्या कमरेला बांधली आणि दोन टोकं हातात धरायला लावली. नारळ, खण आणि मूठभर तांदूळ त्यात पडले तेव्हा पलीकडून मुलाची आजी म्हणाली, "कोमे इल ग्रेम्ब्यूले!" म्हणजे, एप्रनसारखं! ग्रेम्बो म्हणजे मांडी, कूस. त्यावरून ग्रेम्ब्यूले, मांडीवरून खाली येणारं ते वस्त्र. शेतावरच्या बायका त्याची दोन टोकं उचलून त्यातच बदाम, भाजी, अंडी गोळा करून घरी आणायच्या. एका खेपेला त्यात जेवढं मावेल त्याला इटालियनमध्ये वेगळा शब्दसुद्धा आहे, ग्रेम्ब्यूलाता. आपल्या ओंजळभर, पदरभर सारखा.

आता वाक्य झालं: "राक्कोल्येते नेल ग्रेम्ब्यूले ई सुओइ ज़्बाल्यी, क्वेल्ली दी वोस्त्रो फील्यो ली राक्कोल्येरेमो नोइ." तिच्या चुका तुमच्या ग्रेम्ब्यूलेत गोळा करा, तुमच्या लेकाच्या आम्ही गोळा करू. हा इटालियनमधला रूढ वाक्प्रचार नाही. उत्तरेतल्या एखाद्या शहरी वाचकाला तो विचित्र वाटेल हे मी मान्य करते. पण हे भाषण छापून एकाच घरात जाणार होतं, आणि त्या घरातल्या बाईने तशी झोळी एकदा हातात धरलेली होती.

शेवटचा शब्द 'नोइ', म्हणजे आम्ही. सगळ्या भाषणातली सर्वनामं मी मोजून खोडली होती. हे एक ठेवलं, आणि क्रियापदाच्या नंतर ठेवलं. इटालियनमध्ये कर्त्यावर जोर द्यायचा तर तो असा शेवटी जातो. मराठीत काकू तेच आवाजाने करतात. 'आम्ही' म्हणताना त्यांनी मान वर केली होती.

मजकूर पाठवल्यावर दोन दिवस काही आलं नाही. मग मुलाच्या आईचा व्हॉइस मेसेज आला, मागे भांड्यांचा आवाज. त्या म्हणत होत्या की त्यांनी हे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि सासूबाईंनी कोल्हापूरच्या विहिणीला एक निरोप सांगितला आहे, तो जसाच्या तसा कळवायचा. मी काकूंकडे गेले आणि सांगितला: "तुमच्या मुलीचं काही नाही. पण आमच्या पोराला तुमचा एक ग्रेम्ब्यूले पुरायचा नाही."

काकू म्हणाल्या, "सांग त्यांना, साडी नऊवारी आहे."